"तो कुठे झोपला होता गं?"

ताईचा मुलगा गेला त्याला नऊ दिवस झाले होते. बाहेरच्या खोलीत माणसं होती, कोणी ना कोणी येत होतं जात होतं, आणि ताई आतल्या खोलीत भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तो कुठे झोपला होता गं?" मला वाटलं मुलाबद्दल बोलतेय, हॉस्पिटलमधलं काहीतरी आठवलं असेल, म्हणून मी विचारलं, "कोण?" तर म्हणाली, "देव."

आणि मी काय बोलले ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "ताई, असं नको ना बोलूस. त्याच्या मनात काय असतं ते आपल्याला नाही कळत." अगदी हळू आवाजात, तिचा हात हातात घेऊन, प्रेमानेच बोलले होते. तिने मान वळवून माझ्याकडे एकदा बघितलं, "बरं" म्हणाली, आणि हात काढून घेतला.

त्यानंतर पाच आठवडे ती माझ्याशी देवाबद्दल एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, चला, सावरतेय. सावरत वगैरे काही नव्हती, मला वगळून टाकलं होतं तिने, ज्यांच्यापुढे हे बोलता येत नाही अशा माणसांच्या यादीत माझंही नाव गेलं होतं, आणि ती यादी तोपर्यंत इतकी लांब झालेली की तिच्याकडे रात्री जागं राहून भिंतीशी बोलण्याशिवाय काही उरलंच नव्हतं. हे मला नंतर कळलं, तिनेच सांगितलं.

तेव्हापासून मी त्या "बरं"चा खूप विचार केलाय. म्हणजे मी असं का बोलले. ताई माझी मावसबहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि आमच्या सगळ्या घरात जर कोणाची श्रद्धा मला खरी वाटायची तर ती हिची. देखावा नाही, कोणाला उपदेश नाही, रोज पहाटे उठून अर्धा तास गप्प बसायची आणि मग दिवसभर सगळ्यांशी चांगलं वागायची, बस. मला स्वतःला प्रार्थना करायची सवय लागली ती तिच्याकडे बघून. तर तिच्या तोंडून ते वाक्य ऐकल्यावर मला भीती वाटली, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ती भीती माझ्यासाठी होती. ताईची श्रद्धा हलली तर माझी कशावर उभी राहणार? मी जे बोलले ते माझी जमीन धरून ठेवायला बोलले. तिला मात्र ऐकू आलं ते एवढंच की तिच्यात आणि देवात भांडण लागलंय आणि आपली धाकटी बहीण उठून त्याच्या बाजूला जाऊन बसली.

दुःखातल्या माणसाने देवावर राग काढला की आपण सगळे वकील होतो. देवाचे वकील. तो सर्वशक्तिमान आहे असं मानणारी आपण माणसं, आणि बावीस वर्षांचा मुलगा गेलेल्या बाईच्या एका वाक्यापासून त्याला वाचवायला धावतो.

काही महिन्यांनी ताईने मला एकेक करून सांगितलं की त्या दिवसांत कोण काय म्हणालं आणि तिला ते कसं ऐकू आलं. ते मी इथे लिहितेय कारण ही वाक्यं आपण सगळेच बोलतो आणि बोलताना ती मऊ वाटतात. कोणीतरी तिला म्हणालं, देव सोसवेल तेवढंच दुःख देतो. ताई म्हणाली, "म्हणजे मी कणखर होते म्हणून तो गेला. मी जरा रडूबाई असते तर वाचला असता." कोणी म्हणालं देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, तर तिच्या मनात आलं, मग मी त्याला इतकं चांगलं का वाढवलं. आमचे मामा, वयाने मोठे, मनाने अतिशय भले, ते म्हणाले की यामागे त्याची काहीतरी योजना असणार, आणि ताई मला म्हणाली, "मामांना मी काही बोलले नाही, पण माझ्या मनात आलं की ज्या योजनेत माझं पोर मरायला लागतं ती योजना करणाऱ्याशी मला काहीही कर्तव्य नाहीये." बघा म्हणजे, मामा तिला देवाच्या जवळ आणायला गेले आणि त्या एका वाक्याने ती जेवढी लांब होती त्याच्या दुप्पट लांब गेली.

आणि दुसऱ्या बाजूनेही हेच होतं. तिचा दीर देव मानत नाही. तो तिला म्हणाला, "वहिनी, तुम्ही उगाच त्रास करून घेताय, वर कोणी नाहीच आहे, जे झालं ते मेडिकल होतं." त्याला वाटलं ओझं कमी करतोय. पण ती त्या वेळी देव नाही असं म्हणतच नव्हती! ती कोणावर तरी प्रचंड चिडलेली होती, आणि ज्याच्यावर चिडलीय तो मुळात नाहीच असं सांगून त्याने तिच्याकडून भांडायचा माणूसही काढून घेतला. श्रद्धावाला असो नाहीतर नास्तिक, दोघंही आपापलं मत तिच्या दुःखाच्या जागेत नेऊन ठेवत होते.

मी नंतर यावर बरंच वाचलं, कारण मला माझं ते वाक्य सलत होतं. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटीत ज्युली एक्सलाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी देवावरच्या रागावरच वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. 2011 साली त्यांचे आणि सहकाऱ्यांचे पेपर आले, त्यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटल्या. एक म्हणजे हा राग अजिबात दुर्मिळ नाहीये, आणि राग आणि प्रेम एकाच माणसात एकाच वेळी असू शकतं, म्हणजे देवावर चिडलेला माणूस देवापासून तुटलाच असं धरून चालता येत नाही. दुसरी गोष्ट थेट माझ्याबद्दलच लिहिल्यासारखी होती. या रागाबद्दल कोणाला सांगितल्यावर ज्यांना समजून घेतलं गेलं आणि ज्यांना लाज वाटेल अशी वागणूक मिळाली, असे लोक त्यांनी पाहिले, तर ज्यांना लाज वाटायला लावली गेली त्यांच्यात राग टिकून राहणं, तो दाबून ठेवणं आणि देवाकडे पाठ फिरवणं हे जास्त दिसलं. म्हणजे "असं नको बोलूस" याने राग जात नाही, नुसता दिसेनासा होतो. अर्थात अशा अभ्यासात कशामुळे काय झालं हे शंभर टक्के ठरवता येत नसतं, पण ताईच्या बाबतीत मी ते डोळ्यांनी बघितलंय.

बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीतही हेच आहे, आणि ती गोष्ट आपण अर्धवटच सांगतो असं मला वाटतं. ईयोबाची सगळी दहा मुलं जातात. त्याचे तीन मित्र येतात आणि त्याच्याजवळ जमिनीवर सात दिवस सात रात्री बसतात, एक शब्द न बोलता, कारण त्याचं दुःख किती मोठं आहे ते त्यांना दिसतं. तिथपर्यंत ते उत्तम मित्र असतात. मग ईयोब बोलायला लागतो, आपण जन्मलोच कशाला म्हणून आक्रोश करतो, देवाला जाब विचारतो, आणि तिथे मित्रांचा तोल जातो. निरपराध माणसाचा कधी नाश झालाय का, असं एक विचारतो. दुसरा तर तुझ्या मुलांनीच पाप केलं असेल म्हणतो, मुलं नुकतीच गेलेल्या बापाला! पानंच्या पानं ते देवाची बाजू मांडतात. आणि शेवटच्या म्हणजे 42व्या अध्यायात देव रागावतो तो या मित्रांवर, की माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, ईयोब बोलला. ईयोबाला मात्र त्याची मुलं का गेली याचं कारण देव शेवटपर्यंत सांगत नाही. मी हे वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला की जे कारण त्या अख्ख्या पुस्तकात देवानेही सांगितलं नाही ते मी ताईला नवव्या दिवशी सांगायला निघाले होते.

बरं, मग बोलायचं काय. नुसतं गप्प बसा असं सांगून भागत नाही, कारण गप्प बसलेल्या माणसाचा चेहराही बोलतो, आणि ताईसारखी माणसं तो चेहरा वाचतात.

सहाव्या आठवड्यात मी परत गेले. या वेळी मी आधी माझी चूक उचलली. म्हणाले, "ताई, त्या दिवशी तू देवाबद्दल बोललीस आणि मी तुला गप्प केलं. मी घाबरले होते. तुला परत बोलावंसं वाटलं तर माझ्यासमोर काहीही बोल, मी नाही अडवणार, आणि नाही वाटलं तरी मी आहे." एवढंच. ती काही बोलली नाही. मीही पुढे ओढलं नाही, त्याचे फोटो बघितले, त्याचं नाव घेऊन बोलले, कारण लोकांनी त्याचं नाव घेणंच बंद केलं होतं, सगळे "तो", "हे झालं", "ते झालं" असं बोलायचे आणि तिला वाटायचं की नावही गेलं त्याच्याबरोबर. निघताना दारात ती म्हणाली, "मी त्याला शिव्या दिल्या काल." मी विचारलं, "काय म्हणालीस?" आणि ती परत आत येऊन बसली.

हे "काय म्हणालीस" मला अचानक सुचलं होतं पण आता मी ते मुद्दाम वापरते. कोणी म्हणालं की मला देवाचा राग आलाय, तर मी विचारते, त्याच्याशी बोलायला मिळालं तर काय म्हणशील? किंवा, तू काय मागत होतीस त्याच्याकडे? हे प्रश्न छोटे आहेत पण त्यांनी दोन गोष्टी होतात. समोरच्याला कळतं की हा राग ऐकून ही बाई दचकत नाहीये. आणि आपल्याला कळतं की रागाच्या आत नेमकं काय आहे, कारण "देव कुठे होता" हे वाक्य वरून एकच दिसलं तरी त्याच्या आत वेगवेगळ्या माणसांचं वेगवेगळं असतं. कधी तो निव्वळ राग असतो, विश्वास मोडल्याचा, जसा नवऱ्याचा किंवा बापाचा येईल तसा. कधी आत अपराधीपणा असतो, की ही मला शिक्षा मिळाली. कधी खरीच शंका असते, की मी आयुष्यभर ज्याच्याशी बोलत होते तो तिथे होता तरी का. ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली असतात, पण ऐकणाऱ्याला ती वेगळी ओळखता आली पाहिजेत कारण प्रत्येकाला द्यायचा प्रतिसाद वेगळा आहे, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की त्रास होतो.

राग असेल तर तो फक्त ऐकायचा. त्याला दुरुस्त करायचं नाही आणि त्यात तेलही ओतायचं नाही. हे दुसरं मी सांगतेय कारण तीही चूक मी करून बसले, एकदा तिच्या बरोबरीने मीही म्हणाले की खरंच काय देव आहे हा, तर ताई चमकून म्हणाली, "तू नको बोलूस त्याला." म्हणजे आपल्या घरातल्या माणसाला आपण बोलू, बाहेरच्याने बोलायचं नाही, तसं. राग त्यांचा असतो, आपण फक्त म्हणायचं की हो, चिडली आहेस, इतकं मागितलंस आणि मिळालं नाही. "इतकं मागितलंस आणि मिळालं नाही" यात देवाची बाजू नाही, त्याच्यावर आरोपही नाही, जे घडलं तेवढंच आहे. मला हे वाक्य फार उपयोगी पडलंय.

अपराधीपणाचं वेगळं आहे, आणि ताईच्या बाबतीत खरी गाठ तिथेच होती. ती मला मिळायला चार महिने लागले.

मुलाला रक्ताचा कॅन्सर होता, केमो चालू होती. केमोमुळे पांढऱ्या पेशी जवळजवळ संपतात, त्या दिवसांत साधं इन्फेक्शनही शरीराला झेपत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्यापासून सांगितलेलं. मंगळवारी ताप आला, संध्याकाळपर्यंत बीपी पडायला लागलं आणि त्याला आयसीयूत हलवलं. बुधवारी किडनी बंद पडायला लागली, डायलिसिस सुरू झालं. शुक्रवारी पहाटे तो गेला. हे सगळं आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण ताईच्या डोक्यात याच्या शेजारी दुसराच एक घटनाक्रम चालू होता जो तिने कोणालाच सांगितला नव्हता. त्याचा आजार कळल्यापासून तिने मनात ठरवलेलं की रोज रात्री अकरा ते बारा त्याच्यासाठी प्रार्थना करायची, एक दिवसही चुकवायची नाही. सात महिने तिने ती चुकवली नाही. आणि गुरुवारी रात्री, दोन रात्रींच्या जागरणानंतर, आयसीयूच्या बाहेरच्या खुर्चीवर तिला पावणेअकराला झोप लागली. जाग आली ती पहाटे नर्सने उठवलं तेव्हा.

"मी झोपले," ती म्हणाली. "तो झोपला होता का विचारते मी सगळ्यांना. झोपले तर मी होते."

मला तेव्हा कळलं की नवव्या दिवशी तिने मला काय विचारलं होतं.

माझ्या तोंडात आलेलं पहिलं वाक्य होतं, "अगं वेडी आहेस का, असं काही नसतं." मी ते गिळलं. कारण ते वाक्य प्रेमाचं असलं तरी त्याने दार बंद होतं, समोरच्याला कळतं की हिला हे ऐकवत नाहीये. मी म्हणाले, "मला ती रात्र पहिल्यापासून सांग." आणि ती सांगत गेली, तास दीड तास, कोण कुठे बसलं होतं, किती वाजता कोण बाहेर आलं. मी मध्ये फक्त दिवस आणि वेळ विचारत होते. बुधवारी दुपारी डॉक्टरांनी आत बोलावून काय सांगितलं होतं? ती म्हणाली, किडनी गेलीय, बीपी औषधांवर टिकवलंय, तयारी ठेवा म्हणाले. बुधवारी रात्री अकराला तू काय करत होतीस? "प्रार्थना." आणि मंगळवारी? "प्रार्थना." ती गप्प झाली. मीही काही बोलले नाही. मग तीच म्हणाली, "म्हणजे तो माझ्या झोपेच्या आधीच जायला लागला होता."

हे मी जपून सांगतेय कारण याचा गैरवापर होऊ शकतो. रागावर असा घटनाक्रम मांडून काही होत नाही, रागाला पुरावा नको असतो. पण "माझ्यामुळे झालं" हे एक विधान आहे, ते तारखा आणि वेळांवर उभं असतं, आणि ते त्या माणसाला स्वतःच्याच तोंडून नीट क्रमाने सांगू दिलं तर बरेचदा त्याला स्वतःलाच त्यातली फट दिसते. आपण फट दाखवायची नाही, प्रश्न विचारून तिथपर्यंत सोबत जायचं. आणि एकदा दिसली म्हणजे संपलं असंही नसतं. ताईला ती रात्र मला अजून चार वेळा सांगावी लागली. प्रत्येक वेळी मी पहिल्यांदा ऐकतेय तशीच ऐकली. चौथ्या वेळी तिने झोपेचा भाग सांगितला आणि थांबली नाही, पुढे गेली.

पण कधीकधी ती फट नसतेच, हेही सांगायला हवं. खरंच काहीतरी हातून राहिलेलं असतं, औषध चुकलेलं असतं, गाडी यांनीच चालवलेली असते. तिथे "तुझी काहीच चूक नाही" म्हणणं खोटं आहे आणि त्यांना ते कळतं. तिथे मी एवढंच म्हणू शकते की तुला माहीत असतं तर तू वेगळं केलं असतंस हे मला माहीत आहे. ज्यांच्या श्रद्धेत क्षमेला जागा आहे त्यांना त्यांच्याच धर्मातल्या एखाद्या समजूतदार, वयस्क माणसाकडे न्यायला मी तयार असते, पण आधी त्या माणसाशी स्वतः बोलून घेते. कारण शिक्षा, पाप, कर्म असले शब्द सहज वापरणारा कोणी भेटला तर सगळं उलटं होतं.

आता शंका. साधारण सातव्या महिन्यात ताईचा राग निवत आला आणि मला वाटलं आता बरं होईल, तर उलट ती जास्त शांत, जास्त रिकामी झाली. एके दिवशी म्हणाली, "राग यायला कोणीतरी असावं लागतं. मला आता वाटतं तिथे कोणी नव्हतंच. तुला काय वाटतं? खरं सांग."

हा प्रश्न आला की पळवाट नको. मला विचारलं होतं, वाक्य फिरवून "तुला काय वाटतं" म्हणणं हा अपमान झाला असता. मी म्हणाले, "मी मानते ताई, अजून मानते. पण तो का गेला याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि माझं मानणं तुझ्या उपयोगाचं असेल असंही मला वाटत नाही. तू नाही मानलंस तरी आपल्या दोघींत काही बदलत नाही." मानत नसते तर मी तेही असंच सांगितलं असतं, मी नाही मानत, पण तू ज्याच्याशी रोज बोलायचीस ते तुझ्यासाठी किती खरं होतं ते मी बघितलंय. दोन्हीकडे अट एकच, की आपलं उत्तर छोटं ठेवायचं आणि ते देऊन झालं की तिच्याकडे परत यायचं. मी विचारलं, "पहाटे उठतेस का अजून?" म्हणाली, उठते, सवय आहे, पण काय करू कळत नाही, बसून राहते. आणि ती रडली, बहुतेक त्या रिकाम्या अर्ध्या तासासाठी. मुलाबरोबर तिचं हेही गेलं होतं, बावीस वर्षांहून जुनी एक सोबत, आणि या दुसऱ्या जाण्याचं सांत्वन करायला कोणी आलं नव्हतं, कारण ते गेलंय हे कोणाला माहीतच नव्हतं.

मी तिला म्हणाले नाही की परत सुरू कर. श्रद्धा परत येईल असंही म्हणाले नाही. येते कधी, कधी वेगळ्याच रूपात येते, कधी येत नाही, आणि न येताही माणसं चांगली जगतात. घाई करणारे आपण असतो, कारण तिचं पूर्ववत होणं आपल्याला हवं असतं.

तुकारामांच्या गाथेत एक अभंग आहे, "माझे लेखीं देव मेला, असो त्याला असेल." पुढे म्हणतात की त्याचं नाव घेणार नाही, आमचं दोघांचं आता तुटलं. बायकोला दुष्काळात अन्न अन्न करत जाताना बघितलेला माणूस हा. आपण त्यांना संत म्हणतो आणि हे शब्द गाथेत तसेच राहू दिलेत, कोणी पुसून टाकले नाहीत. मला तो अभंग माहीत होता. पण ताईला मी तो लगेच ऐकवला नाही, आणि ते बरं झालं असं मला वाटतं. पहिल्या महिन्यात संतांचे दाखले देणं म्हणजे तिचं दुःख उचलून मोठ्या माणसांच्या रांगेत लावणं, तिला ते तिचंच हवं असतं. आठव्या महिन्यात ती स्वतःच म्हणाली की असं बोलणारी मी एकटीच असेन, तेव्हा सांगितला. तिने तो लिहून घेतला.

"मी तुझ्यासाठी प्रार्थना करते" या वाक्याबद्दलही सांगायचंय. आपण ते सहज म्हणतो. सात महिने रोज प्रार्थना केलेल्या आणि रिकाम्या हाताने परतलेल्या बाईला ते कसं वाटेल याचा विचार करत नाही. मी तिला विचारलं होतं, तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का तुला? ती म्हणाली, "नको करूस." मी म्हणाले बरं, आणि खरंच केली नाही. गुपचूप करता आली असती, तिला कळलंही नसतं, पण मग तिच्या नकाराला काय अर्थ राहिला असता. त्याऐवजी मेसेज करायचे, आज आठवण आली तुम्हा दोघांची, उत्तर नको देऊस. कधी उत्तर यायचं, कधी नाही.

एक गोष्ट मात्र मी डोळ्यात तेल घालून बघत होते. "त्याने मला पण न्यायला हवं होतं" असं ती दोनतीनदा म्हणाली. दुःखात माणसं असं म्हणतात आणि बहुतेकदा त्याचा अर्थ मला त्याच्याजवळ असायचंय एवढाच असतो. पण बहुतेकदा म्हणजे नेहमी नाही. मी सरळ विचारलं, "ताई, स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खरी नाहीये, उलट ज्याच्या डोक्यात तो असतो त्याला कोणीतरी विचारल्याने मोकळं व्हायला होतं. ती म्हणाली नाही, मला फक्त दमायला झालंय. ती हो म्हणाली असती, किंवा कसं करायचं हे तिने ठरवलेलं असतं, तर मी तिला एकटं सोडलं नसतं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं असतं, तिथे देवाबद्दलचं बोलणं थांबवायचं आणि जीव वाचवायचा. आणि वर्ष उलटूनही माणूस जर रोजच तेवढाच आत ओढला जात असेल, कामं होत नसतील, कोणाशी संबंध राहिले नसतील, तर तेही नुसत्या जवळच्या माणसांनी पेलायचं नाही. 2022 पासून मानसोपचाराच्या अमेरिकन निदान पुस्तिकेत अशा लांबलेल्या दुःखाचं स्वतंत्र निदान आहे आणि मोठ्या माणसांसाठी त्याची मुदत किमान बारा महिने धरलीय. त्यावर वेगळे उपचार आहेत. देवावरचा राग हा त्यातला आजार नव्हे, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

ताई एका वर्षाने शाळेत परत शिकवायला जायला लागली. पहाटे अजून उठते. बसते की नाही ते मी विचारत नाही.

मागच्या महिन्यात रात्री तिचा फोन आला, सव्वाअकराला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "तू करतेस ना गं अजून? प्रार्थना?"

म्हटलं, "हो."

"माझ्यासाठी नको. पण त्याच्यासाठी केलीस तर चालेल."

मी विचारलं, "काय मागू?"

बराच वेळ ती बोलली नाही, मला वाटलं फोन कट झाला.

"मागू नकोस काही," ती म्हणाली. "नुसतं नाव घे त्याचं."